शेवटच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनकडे बघ

*मॅडम, मी दहावीत आहे, मराठी मीडियम. आवर्तसारणीचा धडा तीनदा वाचला तरी आवर्तात आकार वाढतो की कमी होतो, गणात काय होतं, हे उलटसुलट होतंच. बाणांचं चित्र काढून पाठ केलं होतं पण सराव परीक्षेत बाणच उलटे काढून आले. आणि एक मला खरंच कळत नाही, पुढे पुढे इलेक्ट्रॉन वाढत जातात तर अणू लहान कसा होतो? बोर्डाला महिना राहिलाय. हा धडा पक्का कसा करू?*
*— दहावीतली एक विद्यार्थिनी, बार्शी*

अगं, आधी ते बाणांचं चित्र बाजूला ठेव. त्यात आकाराचे दोन बाण, धातू गुणधर्माचे दोन, अधातूचे दोन, विद्युतऋणतेचे दोन, असे सात-आठ बाण होतात आणि प्रत्येकाला दोनच दिशा, त्यामुळे परीक्षेच्या हॉलमध्ये एक जरी उलटा आठवला की बाकीचे पण डळमळतात. मी बरीच वर्षं दहावीला शिकवतेय, पेपरही तपासते, आणि हे बाण उलटे झालेले पेपर दरवर्षी दिसतात, बहुतेक वेळा मुलांनी अभ्यास केलेला असतो पण ज्या गोष्टीवरून हे सगळे बाण निघतात ती गोष्टच पक्की नसते. ती गोष्ट म्हणजे शेवटच्या कवचातला इलेक्ट्रॉन. त्याला केंद्रक किती जोरात ओढतंय आणि किती लांबून ओढतंय, एवढे दोन प्रश्न विचारायचे. आकार, धातू-अधातू, विद्युतऋणता सगळं त्यातूनच येतं.

पण त्याआधी मूलद्रव्याचा पत्ता काढता आला पाहिजे. आवर्तसारणीत सात आडव्या ओळी आहेत, त्यांना आवर्त म्हणायचं, आणि अठरा उभे स्तंभ, ते गण (सेमीच्या मैत्रिणी पिरियड आणि ग्रुप म्हणतील, तेच ते). एकूण ११८ मूलद्रव्यं, सगळी अणुअंकाच्या चढत्या क्रमाने लावलेली. आता कुठलाही अणुअंक दिला की पहिलं काम इलेक्ट्रॉन संरूपण लिहायचं. सल्फर घे, अणुअंक १६, संरूपण २, ८, ६. किती कवचं भरली? तीन. म्हणून तिसरं आवर्त. शेवटच्या कवचात किती? सहा. म्हणून गण १६.

सहाचा सोळा कसा झाला इथे बरीच मुलं अडकतात. शेवटच्या कवचात १ किंवा २ इलेक्ट्रॉन असतील तर गण तोच, १ किंवा २. पण ३ ते ८ असतील तर त्यात १० मिळवायचे, म्हणजे १३ ते १८. हे दहा कुठून आले ते एकदा सारणी समोर ठेवून बघ. मॅग्नेशिअमचा अणुअंक १२ आणि ॲल्युमिनिअमचा १३, म्हणजे अगदी शेजारी-शेजारी, पण सारणीत मॅग्नेशिअम डावीकडे दुसऱ्या गणात आहे आणि ॲल्युमिनिअम पार उजवीकडे तेराव्या गणात, मध्ये दहा स्तंभांची मोकळी जागा. ती जागा तिसऱ्या ते बाराव्या गणाची, डी-खंडाची, आणि तिथली मूलद्रव्यं चौथ्या आवर्तापासून सुरू होतात, लोखंड, तांबं, जस्त वगैरे. वरच्या ओळीत ती जागा रिकामीच राहते पण स्तंभांचे नंबर मात्र मोजले जातात, म्हणून दहा. आणि हा हिशोब फक्त १, २ आणि १३ ते १८ या गणांना लावायचा, डी-खंडाला नाही.

दोन ठिकाणी चुकशील म्हणून सांगते. एक म्हणजे पोटॅशिअम, अणुअंक १९. तिसऱ्या कवचात १८ मावतात हे पाठ असतं म्हणून मुलं २, ८, ९ लिहून मोकळी होतात आणि मग पोटॅशिअम तिसऱ्या आवर्तात येऊन बसतं. सगळ्यात बाहेरच्या कवचात आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन ठेवायचे नसतात, म्हणून २, ८, ८, १. कॅल्शिअम २, ८, ८, २. दुसरं हेलिअम. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन दोन, पण ते गण २ मध्ये नाही, गण १८ मध्ये, कारण पहिलं कवच दोनांतच पूर्ण भरतं आणि तो राजवायू आहे. हा एकच अपवाद लक्षात ठेव.

संयुजा पण इथूनच निघते. शेवटच्या कवचात चारपर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर संयुजा तेवढीच, चारच्या पुढे असतील तर आठातून वजा. तिसऱ्या आवर्तात सोडिअमपासून निघालीस तर १, २, ३, ४, मग फॉस्फरसला ३, सल्फरला २, क्लोरीनला १ आणि अरगॉनला शून्य. आवर्तात ती वाढून परत कमी होते, आणि गणात खाली जाताना बदलत नाही कारण गणात बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखेच असतात.

खंडांवर फार वेळ घालवू नकोस. गण १ आणि २ म्हणजे एस-खंड, ३ ते १२ डी-खंड, १३ ते १८ पी-खंड, आणि तळाला वेगळ्या काढून ठेवलेल्या दोन ओळी म्हणजे एफ-खंड, प्रत्येक ओळीत चौदा. त्या ओळी सहाव्या आणि सातव्या आवर्तातल्याच आहेत, सारणी फार लांब होऊ नये म्हणून खाली ठेवल्यात. पी-खंडातून जी नागमोडी रेषा जाते तिच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू आणि रेषेच्या कडेकडेने बोरॉन, सिलिकॉन यांच्यासारखे धातुसदृश. एवढं पुरे.

आता तुझा तो प्रश्न. हा प्रश्न पडलाय म्हणजे तू धडा नुसता पाठ केलेला नाहीस, आणि याचं उत्तर कळलं की अर्धा धडा तुझा झाला, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

सोडिअमकडून क्लोरीनकडे जा, ११ पासून १७ पर्यंत. प्रत्येक पावलाला एक इलेक्ट्रॉन वाढतो हे तुझ्या लक्षात आलंय, पण त्याच पावलाला केंद्रकात एक प्रोटॉन पण वाढतो, आणि तो विसरला जातो कारण संरूपण लिहिताना आपण फक्त इलेक्ट्रॉन लिहितो. आणि हा नवा इलेक्ट्रॉन जातो कुठे? २, ८, १ मग २, ८, २ मग २, ८, ३, बघ, तिसऱ्याच कवचात जातोय, चौथं कवच उघडतच नाही. म्हणजे बाहेरच्या बाजूला नवा मजला चढत नाहीये, आहे त्याच मजल्यावर माणसं वाढतायत, आणि मधून ओढणारा मात्र दर पावलाला ताकदवान होत चाललाय. म्हणून ते कवच आत ओढलं जातं आणि अणू लहान होतो.

यावर हुशार मुलं लगेच विचारतात की मॅडम, प्रोटॉन वाढले तसे इलेक्ट्रॉन पण वाढले, मग ओढ वाटली जाऊन तेवढीच नाही का राहणार? बरोबर शंका आहे. तू वर्गात शेवटच्या बाकावर बसलीस तर तुला फळा दिसत नाही तो पुढच्या बाकांवरच्या मुलींमुळे, तुझ्या शेजारी बसलेलीमुळे नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच आहे. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रक आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन यांच्या मध्ये येतात आणि केंद्रकाची ओढ अडवतात, पण त्याच कवचातला शेजारचा इलेक्ट्रॉन फारसा आड येत नाही. मग हिशोब सोपा झाला, प्रोटॉनमधून आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन वजा कर. सोडिअममध्ये प्रोटॉन ११, आतले इलेक्ट्रॉन २ आणि ८ मिळून १०, बाहेरच्याला जाणवणारी ओढ साधारण १. मॅग्नेशिअमला १२ वजा १० म्हणजे २. ॲल्युमिनिअमला ३. असं करत क्लोरीनला १७ वजा १० म्हणजे ७. सोडिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला एकाची ओढ आणि क्लोरीनच्या बाहेरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला साताची, कवच तेच, तिसरं. आता सांग क्लोरीन लहान असणार की मोठा.

आकडे पण तेच सांगतात. अणुत्रिज्या पिकोमीटरमध्ये मोजतात, सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, ॲल्युमिनिअम १४३, सिलिकॉन ११८, फॉस्फरस ११०, सल्फर १०४, क्लोरीन ९९. आवर्त पार करेपर्यंत अणू जवळजवळ निम्म्यावर आला. शेवटी शेवटी घट कमी होत जाते हेही दिसेल तुला, ११०, १०४, ९९, कारण शेजारचे इलेक्ट्रॉन अगदीच आड येत नाहीत असं नाही, थोडे येतात, आणि गर्दी वाढल्यावर ते जाणवतं. म्हणून वरचा वजाबाकीचा हिशोब अंदाजाचा आहे, दिशा बरोबर सांगतो, नेमका आकडा नाही. आणि आकडे पाठ करायचे नाहीत, वेगवेगळ्या पुस्तकांत थोडे वेगळे सापडतील, चढउतार तोच राहतो. आणखी एक, ही तुलना क्लोरीनपाशी थांबव, अरगॉन यात घ्यायचा नाही, राजवायूंचे अणू बंध करत नाहीत म्हणून त्यांची त्रिज्या वेगळ्या पद्धतीने मोजावी लागते आणि ती या रांगेत बसत नाही.

आता उभं खाली ये, गण १. लिथिअम २, १. सोडिअम २, ८, १. पोटॅशिअम २, ८, ८, १. तोच हिशोब लाव. लिथिअम ३ वजा २, ओढ १. सोडिअम ११ वजा १०, ओढ १. पोटॅशिअम १९ वजा १८, परत १. गंमत बघ, प्रोटॉन तीनाचे एकोणीस झाले तरी बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारी ओढ जवळपास तेवढीच, कारण जेवढे प्रोटॉन वाढले तेवढे आतले आड येणारे पण वाढले. मग बदललं काय? अंतर. दर पायरीला एक नवं कवच चढलं आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब गेला. म्हणून त्रिज्या १५२, १८६, २३१ अशी वाढत जाते.

म्हणजे आवर्तात कवच तेच आणि ओढ वाढते, गणात ओढ साधारण तीच आणि अंतर वाढतं. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, बाणांऐवजी.

आता धातू-अधातू. धातू म्हणजे रासायनिक भाषेत इलेक्ट्रॉन सोडून देणारा, यालाच विद्युतधनता म्हणतात, आणि अधातू म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा, ती विद्युतऋणता. इलेक्ट्रॉन सोडायला कधी सोपं जाईल, ओढ कमी आणि अंतर जास्त असेल तेव्हा. घ्यायला कधी सोपं, ओढ जास्त आणि अंतर कमी असेल तेव्हा. बस, नवीन काही पाठ करायचं नाही. आवर्तात उजवीकडे जाताना ओढ वाढते म्हणून इलेक्ट्रॉन सुटत नाही, धातू गुणधर्म कमी होतो आणि अधातू गुणधर्म वाढतो. गणात खाली जाताना अंतर वाढतं म्हणून इलेक्ट्रॉन सहज सुटतो, धातू गुणधर्म वाढतो.

हे डोळ्यांनी दिसतं म्हणून मला हा भाग शिकवायला फार आवडतो. सोडिअमचा हरभऱ्याएवढा पण नाही, त्याहून बारका तुकडा पाण्यात टाकला की तो सुसाट पाण्यावर पळतो, फसफसतो, वितळून गोळी होते (हे शिक्षकांनीच करायचं, तुम्ही नाही). पोटॅशिअम त्याहून तीव्र, ते टाकल्या टाकल्या निघणारा हायड्रोजन पेटतो आणि जांभळट ज्योत दिसते. आणि सोडिअमच्या शेजारचं मॅग्नेशिअम थंड पाण्यात टाकलं तर जवळजवळ काहीच होत नाही, गरम पाण्यात हळूहळू बुडबुडे धरतात. एक पायरी खाली गेलीस तर जोर वाढला, एक घर उजवीकडे गेलीस तर जोर कमी झाला. तिसऱ्या आवर्तात पुढे चालत गेलीस तर सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम धातू, सिलिकॉन धातुसदृश आणि फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन अधातू. ऑक्साइडपण तसेच बदलतात, Na₂O आणि MgO आम्लारीधर्मी, Al₂O₃ उभयधर्मी, म्हणजे आम्लाशीही अभिक्रिया करतो आणि आम्लारीशीही, आणि त्यापुढचे आम्लधर्मी. एका ओळीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसं सरकत जातं ते यात दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो "गणात खाली जाताना अभिक्रियाशीलता वाढते" हे वाक्य सगळीकडे वापरल्याने. हे गण १ ला बरोबर आहे, गण १७ ला चूक. हॅलोजन हे घेणारे आहेत, त्यांना बाहेरचा इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घ्यायचा असतो, आणि खाली गेलं की अंतर वाढलं, ओढून घेणं अवघड झालं. म्हणून फ्लुओरीन सगळ्यात जास्त अभिक्रियाशील, मग क्लोरीन, मग ब्रोमीन, मग आयोडीन. कारण दोन्हीकडे एकच, अंतर वाढतं, पण देणाऱ्याला ते सोयीचं पडतं आणि घेणाऱ्याला गैरसोयीचं. अभिक्रियाशीलता हा शब्द दिसला की लगेच स्वतःला विचार, हा देणारा की घेणारा? याच गणाबद्दल अजून एक विचारतात, भौतिक स्थिती. फ्लुओरीन आणि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू, खाली जाताना वायूकडून स्थायूकडे.

चल, एक प्रश्न पूर्ण सोडवू. समज दिलंय की चार मूलद्रव्यांचे अणुअंक ११, १३, १७ आणि १९ आहेत, त्यांना आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लाव, सर्वात जास्त धातू गुणधर्म कोणाचा आणि सर्वात जास्त विद्युतऋण कोण ते सांग. नावं आठवली नाहीत तरी घाबरायचं नाही, संरूपणं लिही. ११ म्हणजे २, ८, १. १३ म्हणजे २, ८, ३. १७ म्हणजे २, ८, ७. १९ म्हणजे २, ८, ८, १. आता पत्ते काढ. पहिली तिन्ही तिसऱ्या आवर्तात, गण १, १३ आणि १७. चौथं चौथ्या आवर्तात, गण १. मग एका आवर्तातली तीन आधी लाव, कवच तेच आणि ओढ १, ३, ७, म्हणजे ११ मोठं, मग १३, मग १७. राहिलं १९, ते ११ च्या बरोबर खाली, एकाच गणात, एक कवच जास्त, म्हणून ११ पेक्षा मोठं. क्रम झाला १९, ११, १३, १७. पडताळून बघायचं तर २३१, १८६, १४३, ९९, बरोबर आहे. सर्वात जास्त धातू गुणधर्म १९ चा, पोटॅशिअम, आणि सर्वात विद्युतऋण १७, क्लोरीन. नावं शेवटी लिहिली तरी चालतात.

यात मी एक गोष्ट मुद्दाम केली ती बघितलीस का, तुलना फक्त एका ओळीत किंवा एका स्तंभात केली. तिरकी तुलना करायची नाही. "ज्याची कवचं जास्त तो मोठा" असं कोणीतरी सोपं करून सांगतं आणि मग मुलं तेच सगळीकडे लावतात. लिथिअमला दोन कवचं, ॲल्युमिनिअमला तीन, तरी लिथिअम १५२ आणि ॲल्युमिनिअम १४३, लिथिअमच मोठं. कारण ॲल्युमिनिअमला एक कवच जास्त आहे पण ओढही तिप्पट आहे, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध खेचतात आणि कोण जिंकेल हे आपल्या साध्या हिशोबाने सांगता येत नाही. म्हणून एका ओळीत नाहीतर एका स्तंभात, एवढंच.

आता शास्त्रीय कारण लिहायचं कसं, कारण समजूनही मार्क इथे जातात. "आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचे आकारमान कमी होते, कारण लिहा" याला मुलं लिहितात, कारण आवर्तात पुढे जाताना अणू लहान होत जातात. हे कारण नाही गं, प्रश्नच परत लिहिला. कारणात तीन वाक्यं हवीत. पहिलं, काय वाढलं, म्हणजे अणुअंक एकेकाने वाढतो आणि केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो. दुसरं, काय तेच राहिलं, म्हणजे भर पडणारा इलेक्ट्रॉन त्याच बाह्यतम कवचात जातो, नवीन कवच तयार होत नाही. तिसरं, म्हणून काय झालं, वाढलेल्या धनप्रभारामुळे इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे जास्त ओढले जातात आणि आकारमान कमी होतं. मधलं वाक्य सगळ्यात जास्त वेळा सुटतं, आणि तुझ्या मनातल्या शंकेचं उत्तर तर त्या मधल्या वाक्यातच आहे. गणाचं कारणही याच साच्यात, नवीन कवच वाढतं, बाह्यतम इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यातलं अंतर वाढतं, म्हणून धनप्रभार वाढूनही आकारमान वाढतं. हे "वाढूनही" लिहायला विसरू नकोस.

धड्याचा पहिला अर्धा भाग, डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह, हा एकामागोमाग एक असा वाच की प्रत्येकाचं कुठे अडलं. डोबेरायनरची त्रिकं, लिथिअम ६.९ आणि पोटॅशिअम ३९.१, सरासरी २३, म्हणजे बरोबर सोडिअम, पण सगळ्या मूलद्रव्यांची अशी त्रिकं सापडली नाहीत. न्यूलँड्सची अष्टकं, सा रे ग म सारखं आठवं परत पहिल्यासारखं, पण कॅल्शिअमपर्यंतच नीट चाललं. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने लावताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या ठेवल्या, त्यातल्या तीन पुढे स्कँडिअम, गॅलिअम आणि जर्मेनिअम यांनी भरल्या, पण कोबाल्टचं वस्तुमान निकेलपेक्षा किंचित जास्त असून ते आधी ठेवावं लागलं, आणि क्लोरीनचे ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे समस्थानिक पुढे सापडले तेव्हा ते कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. १९१३ मध्ये मोस्लेने दाखवलं की मूलद्रव्याची खरी ओळख अणुअंक, आणि या दोन्ही अडचणी तिथेच संपल्या, कोबाल्ट २७, निकेल २८, आणि क्लोरीनचे दोन्ही समस्थानिक १७ म्हणून एकाच घरात. हायड्रोजनचा तिढा मात्र तेवढ्याने सुटत नाही, तो एक इलेक्ट्रॉन देतो म्हणून सोडिअमसारखा आणि H₂ असा जोडीने राहतो म्हणून क्लोरीनसारखा.

महिना आहे ना, मग रोज कोऱ्या कागदावर पहिल्या वीस मूलद्रव्यांची संरूपणं सारणीच्या आकारात लिही, न बघता. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं लागतील, आठवड्याने चार-पाच. मधली दहा स्तंभांची जागा मोकळी सोडायची, हेलिअम उजव्या टोकाला. लिहून झालं की त्यातली कुठलीही दोन शेजारची किंवा वरखालची मूलद्रव्यं निवड आणि मोठं कोण, का, हे त्या तीन वाक्यांत मोठ्याने बोल. घरी कोणी ऐकायला असेल तर त्यांना सांग, त्यांना विज्ञान येत नसलं तरी चालेल, "का" एवढंच विचारायला सांग.

आणि आज रात्री हे कर. अणुअंक ३, ९, ११ आणि १७. यातलं सर्वात मोठं कोण आणि सर्वात लहान कोण, प्रत्येकाला कारण. उत्तर ११ आणि ९ आलं पाहिजे. ११ हे ३ च्या खाली आहे म्हणून त्यापेक्षा मोठं, आणि १७ च्या ओळीत डावीकडे आहे म्हणून त्याहूनही मोठं. ९ चं असंच दोन बाजूंनी तू स्वतः मांड. ३ आणि १७ यांच्यात मोठं कोण हे मात्र ठरवायला जाऊ नकोस, का ते तुला आता माहितीय.